लेव्हल की चेस? सोलापुरी चादरीच्या कारखान्यात साठा कसा वाढतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांशी उत्पादनाचं नियोजन करायला बसलं की चर्चा शेवटी एकाच मुद्द्यावर येते. चादर थंडीत खपते, मग उन्हाळ्यात माग चालवायचे की बंद ठेवायचे? चालवले तर गोदाम भरतं, बंद ठेवले तर ऑक्टोबरात माल कमी पडतो. सेल्स अँड ऑपरेशन्स प्लॅनिंगमध्ये, म्हणजे विक्री आणि उत्पादन यांचं एकत्र नियोजन करताना, या दोन टोकांना लेव्हल आणि चेस म्हणतात. त्यावर वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत आणि सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. उदाहरणातला कारखाना कल्पित आहे. त्याच्या जागी आपले आकडे घालून बघा.

लेव्हल आणि चेस यात फरक काय?

लेव्हलमध्ये उत्पादन बारा महिने सारखं ठेवायचं आणि मागणीतला चढउतार साठ्याने झेलायचा. चेसमध्ये उत्पादन मागणीच्या मागे पळवायचं. साठा जवळपास नसतो, पण माग, पाळ्या आणि कामगार कमीजास्त करावे लागतात.

उदाहरणातले आकडे कोणते?

वर्षाला ६०,००० चादरी विकणारा एक कारखाना घेऊ. वर्ष एप्रिल ते मार्च. खालच्या तक्त्यात सगळे आकडे हजारात आहेत. लेव्हलचं उत्पादन दरमहा ५,००० आहे, म्हणजे ६०,००० भागिले १२.

| महिना | मागणी | लेव्हल उत्पादन | महिनाअखेर साठा |
|---|---|---|---|
| सुरुवातीचा साठा | | | ५ |
| एप्रिल | २ | ५ | ८ |
| मे | २ | ५ | ११ |
| जून | २ | ५ | १४ |
| जुलै | ३ | ५ | १६ |
| ऑगस्ट | ५ | ५ | १६ |
| सप्टेंबर | ७ | ५ | १४ |
| ऑक्टोबर | १० | ५ | ९ |
| नोव्हेंबर | १० | ५ | ४ |
| डिसेंबर | ८ | ५ | १ |
| जानेवारी | ६ | ५ | ० |
| फेब्रुवारी | ३ | ५ | २ |
| मार्च | २ | ५ | ५ |

चेसचा वेगळा रकाना दिलेला नाही, कारण त्यात उत्पादनाचा रकाना म्हणजे मागणीचाच रकाना. हिशेबापुरता त्याचा तयार मालाचा साठा शून्य. तो खरोखर शून्य असतो का, ते पुढे पाहू.

सुरुवातीचे ५,००० नग कुठून आले?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि लेव्हलचा आराखडा बहुतेक वेळा इथेच फसतो. सुरुवातीचा साठा शून्य धरून हाच तक्ता मांडला तर नोव्हेंबरअखेर साठा उणे १,००० येतो, डिसेंबरअखेर उणे ४,००० आणि जानेवारीअखेर उणे ५,०००. वर्षाची बेरीज बरोबर जुळते, तरी ऐन हंगामात गिऱ्हाईक परत जातं. मार्चअखेर सगळं पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे वर्षाचा आकडाच पाहणाऱ्याला काही बिघडलंय हे कळतही नाही.

म्हणून आधी शून्यापासून मांडायचं, सगळ्यात खोल उणे आकडा शोधायचा आणि तेवढा साठा सुरुवातीला धरायचा. एक्सेलमध्ये मागणी B, उत्पादन C आणि साठा D या रकान्यात असेल, सुरुवातीचा साठा D2 मध्ये असेल आणि एप्रिल तिसऱ्या ओळीत असेल, तर सूत्रं अशी:

```
D3:  =D2+C3-B3
F1:  =-MIN(D3:D14)
```

D3 चं सूत्र D14 पर्यंत खाली ओढा. D2 मध्ये शून्य असताना F1 मध्ये जो आकडा येईल तो सुरुवातीचा साठा. आपल्या उदाहरणात तो ५ येतो. वर्षाअखेरही तेवढाच उरतो, म्हणजे पुढच्या वर्षीची सुरुवात त्यातूनच होते. पहिल्याच वर्षी लेव्हलवर जाणाऱ्याकडे मात्र हे ५,००० नग नसतात. त्याने ते एप्रिलच्या आधी विणून घ्यावेत किंवा पहिलं वर्ष वाढीव दराने चालवावं.

सगळ्यात जास्त साठा हंगामात का नसतो?

उत्पादन मागणीपेक्षा जास्त असेतोवर साठा वाढतो, कमी पडू लागलं की उतरतो. त्यामुळे शिखर येतं ते मागणी ५,०००ची रेषा ओलांडते तिथे, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. दिवाळीच्या सुमाराला साठा सर्वात वेगाने उतरत असतो आणि गड्ड्याच्या यात्रेनंतर जानेवारीअखेर गोदाम रिकामं होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की १६,००० चादरी तुम्ही पावसाळ्यात सांभाळत असता. एका गाठीत ५० चादरी धरल्या तर त्या ३२० गाठी झाल्या. सोलापूर कोरडं असलं तरी जुलै ते सप्टेंबर गोदामात ओल येते. सुती माल जमिनीला किंवा भिंतीला लागून ठेवला की त्याला कुबट वास येतो आणि खालच्या गाठींवर बुरशीचे ठिपके पडतात. गाठी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब लावायच्या आणि प्रत्येक थप्पीवर विणल्याचा महिना लिहायचा. तसं लिहिलेलं नसलं की मजूर पुढची गाठ उचलतात आणि एप्रिलचा माल जानेवारीपर्यंत तळाशी राहतो. लेव्हल पद्धतीत पहिला आलेला माल पहिला बाहेर पडला नाही, तर साठ्याचा आकडा बरोबर असूनही माल खराब निघतो.

हा साठा पैशात किती पडतो?

एका चादरीचा उत्पादनखर्च ४०० रुपये धरू. बँकेचं व्याज, गोदामाचं भाडं, विमा आणि खराबी मिळून माल सांभाळायचा खर्च वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का धरू. एक चादर एक महिना ठेवली की ६ रुपये गेले.

तक्त्यातल्या बारा महिनाअखेरच्या साठ्यांची बेरीज १,००,००० येते. सरासरी साठा ८,३०० च्या आसपास. एक लाख गुणिले ६, म्हणजे वर्षाला ६ लाख रुपये. हा झाला खर्च. पण मालकाला झोप लागत नाही ती दुसऱ्या आकड्यामुळे. ऑगस्टअखेर १६,००० नगांत ६४ लाख रुपये अडकलेले असतात. वार्षिक खर्च सरासरी साठ्यावरून काढायचा आणि लागणारं भांडवल शिखराच्या साठ्यावरून. या दोन्हींची गल्लत झाली की "परवडतं" म्हणून सुरू केलेला आराखडा जुलैत पैशाअभावी बंद पडतो.

बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा याला पुरते का?

बँक तुमच्या मासिक स्टॉक स्टेटमेंटवरून उचलीची मर्यादा ठरवते आणि साठ्याच्या किमतीतून मार्जिन वजा करते. मार्जिन २५ टक्के धरलं तर ६४ लाखांच्या साठ्यावर ४८ लाख मिळतील, तेही मंजूर मर्यादा तेवढी असेल तर. उरलेले १६ लाख स्वतःचे हवेत. उधारीवर घेतलेल्या सुताचे पैसे दिलेले नसतील तर ती रक्कमही साठ्यातून वजा होते, म्हणजे मिळणारा आकडा आणखी खाली येतो. म्हणून एप्रिलमध्ये आराखडा ठरवतानाच ऑगस्टच्या साठ्याचा आकडा घेऊन बँकेत जावं.

चेसमध्ये साठा खरंच शून्य असतो का?

तयार मालाचा साठा जवळजवळ नसतो. पण साठा फक्त गोदामात असतो असं मानलं तर चेसचा हिशेब चुकतो.

सूत आलं की रंगाई, मग कांडी आणि वार्पिंग, मग बीम मागावर चढवणं, विणाई, कापणी, शिलाई, घडी आणि गाठ. या वाटेला पंधरा दिवस लागतात असं धरू. महिन्याला १०,००० चादरी काढायच्या असतील तर कोणत्याही दिवशी अर्ध्या महिन्याचा, म्हणजे ५,००० चादरींचा माल कारखान्यात कुठल्या ना कुठल्या अवस्थेत असतो. लेव्हलमध्ये हा अर्धवट माल वर्षभर २,५०० चादरींएवढा स्थिर राहतो. चेसमध्ये तो एप्रिलात १,००० आणि ऑक्टोबरात ५,००० असतो. वर्षाची सरासरी काढली तर दोन्हींचा अर्धवट माल सारखाच भरतो, पण चेसमध्ये त्याचं शिखर दुप्पट आहे आणि ते ऐन घाईच्या दिवसांत येतं.

शिवाय घाईत पंधरा दिवस पंधरा राहत नाहीत. वार्पिंगचं यंत्र एक किंवा दोन असतं. सप्टेंबरात माग दोन पाळ्यांत चालू झाले तरी वार्पिंग तेवढंच राहतं, बीमची वाट पाहत माग उभे राहतात आणि रंगवलेलं सूत कोपऱ्यात साचतं. मग पंधराचे वीस दिवस होतात आणि अर्धवट माल ५,००० वरून ६,५०० च्या पुढे जातो. ओळखायचं कसं? सकाळी माग मोजत फिरा. बीम नसल्यामुळे उभे असलेले माग आणि त्याच वेळी वार्पिंगपुढे लागलेली रंगीत सुताची रांग, हे दोन्ही एकत्र दिसलं की तुमचा चेस खऱ्या अर्थाने वार्पिंगच्या वेगाने चालला आहे, मागणीच्या नव्हे.

आणखी एक. ऑक्टोबरचा माल ऑक्टोबरात जायचा तर त्याचं सूत सप्टेंबरच्या मध्यात रंगाईत पडलेलं हवं. म्हणजे चेसमध्येही उत्पादनाचा निर्णय मागणीच्या अर्धा महिना आधी घ्यावा लागतो. मागणी पाहून पळणं म्हणतात, पण खरं तर पळायचं असतं ते अंदाजामागेच, फक्त जवळच्या.

मग चेस स्वस्त पडतो ना?

दोन्ही बाजू मांडून पाहू. एका मागावर एका पाळीत महिन्याला २५० चादरी निघतात आणि एक विणकर दोन माग सांभाळतो असं धरू. मग १,००० चादरींना चार माग आणि दोन विणकर लागतात. लेव्हलला वर्षभर १० विणकर पुरतात. चेसला एप्रिलात ४ आणि ऑक्टोबरात २० लागतात. म्हणजे दर वर्षी १६ जण वाढवायचे आणि १६ कमी करायचे.

नवा विणकर आणायचा म्हणजे उचल द्यायची, पहिले काही आठवडे कमी उत्पादन सोसायचं आणि सेकंड्स निघतात ते सोसायचं. जकार्डवर नवा हात असला की नक्षी चुकते, दोरी तुटलेली लवकर लक्षात येत नाही आणि चादर दुय्यम दरात जाते. हे सगळं मिळून माणशी २०,००० धरू. कमी करताना हिशेब, सुटीचे पैसे, निघून गेलेली उचल मिळून १०,००० धरू. सोळा गुणिले ३०,००० म्हणजे ४ लाख ८० हजार.

लेव्हल ६ लाख, चेस ४.८ लाख. कागदावर चेस जिंकला. पण निकाल कोणत्या आकड्यावर टेकला आहे ते पाहा. एक लाख चादर-महिन्यांचा खर्च ४.८ लाखांवर यायला महिन्याचा दर ४ रुपये ८० पैसे हवा, म्हणजे वर्षाला १४.४ टक्के. माल सांभाळायचा तुमचा खर्च त्याच्या खाली असेल तर लेव्हल स्वस्त, वर असेल तर चेस. स्वतःचं गोदाम आणि स्वतःचं भांडवल असलेला जुना कारखाना आणि भाड्याच्या शेडमध्ये कर्जावर चालणारा नवा कारखाना यांची उत्तरं त्यामुळे वेगवेगळी येतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

हा तोल नव्याने सापडलेला नाही. १९५५ मध्ये होल्ट, मोदिग्लियानी आणि सायमन यांनी एका रंगाच्या कारखान्यासाठी हाच प्रश्न गणिताने सोडवला होता. पगार, भरती-कपात, ओव्हरटाइम आणि साठा हे खर्च एकत्र मांडून उत्पादनाचा दर काढायचा. आज एक्सेलमध्ये आपण करतो ते त्याचंच साधं रूप आहे.

आणि एक गोष्ट या ४.८ लाखांत धरलेलीच नाही. चेसला ऑक्टोबरात दोन पाळ्यांत २० माग लागतात, लेव्हलला दोन पाळ्यांत १० पुरतात. वरचे दहा माग वर्षातला मोठा काळ झाकून ठेवलेले असतात. तयार मालात पैसा अडकला नाही, लोखंडात अडकला. जुने माग आधीच शेडमध्ये असतील तर हा खर्च नाही. नवे घ्यायचे असतील तर चेस लगेच महाग होतो.

दोन्हींच्या मधलं काही आहे का?

आहे, आणि चादरीसाठी मी बहुतेक वेळा तेच सुचवतो. वर्षाचे दोन भाग करायचे. फेब्रुवारी ते जुलै दरमहा ३,०००, ऑगस्ट ते जानेवारी दरमहा ७,०००. बेरीज ६०,०००च. वरच्या रीतीने सुरुवातीचा साठा काढला तर २,००० पुरतो. महिनाअखेरचा साठा एप्रिलपासून हजारात असा जातो: ३, ४, ५, ५, ७, ७, ४, १, ०, १, १, २.

बेरीज ४०. म्हणजे साठ्याचा खर्च ६ लाखांवरून २.४ लाखांवर आला आणि शिखर १६,००० वरून ७,००० वर, म्हणजे ६४ लाखांऐवजी २८ लाख. विणकर ६ वरून १४ होतात आणि पुन्हा ६, म्हणजे आठ जणांची वाढ आणि आठ जणांची कपात. त्याचे २.४ लाख. एकूण ४.८ लाख, चेसइतकेच. फरक असा की चेसमध्ये वर्षातून आठ वेळा दर बदलतो, इथे दोनदा. आणि माग २० ऐवजी १४ पुरतात.

आठ विणकर सहा महिन्यांसाठी येणार हे आधीपासून ठरलेलं असलं तर तेच लोक दर वर्षी परत येण्याची शक्यता वाढते. चेसमध्ये या महिन्यात दोन, पुढच्या महिन्यात चार अशी बोलावणी झाली की चांगला विणकर थांबत नाही. सोलापुरातल्या पद्मशाली घरांमध्ये हा धंदा पिढ्यांचा आहे. जकार्डवर बसलेला हात एकदा दुसऱ्या कामाला लागला तर तो परत मिळत नाही, आणि त्याची किंमत वरच्या ३०,००० मध्ये पूर्ण येत नाही.

साठ्यातल्या १६,००० चादरी कोणत्या डिझाइनच्या असाव्यात?

मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. आराखडा "चादर" या एका गटावर केला जातो. गिऱ्हाईक मात्र "चादर" मागत नाही, अमुक मापाची, अमुक रंगाची, मोराची किंवा वेलबुट्टीची मागतं. आकड्याने साठा पुरेसा आणि मागणीला मात्र माल नाही, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

सोलापुरी चादरीत रंग सुतातच असतो. आधी सूत रंगवलं जातं आणि मग जकार्डवर दोन्ही बाजूंना नक्षी उठवत चादर विणली जाते. विणून झालेली चादर पुन्हा दुसऱ्या रंगाची करता येत नाही. म्हणजे मे महिन्यात विणलेली प्रत्येक चादर हा डिसेंबरात कोणता रंग खपेल याबद्दलचा पक्का झालेला निर्णय आहे. उलट न रंगवलेलं सूत कुठल्याही डिझाइनला चालतं.

म्हणून साठा दोन जागी वाटून ठेवावा. मागच्या तीन हंगामांत ज्यांची विक्री फारशी हलली नाही अशी चार-पाच डिझाइन वेगळी काढा. उन्हाळ्यातलं सगळं विणकाम त्यांच्यावरच करा. बाकीच्या डिझाइनसाठी तयार चादर ठेवू नका. त्यांचं कोरं सूत ठेवा आणि ऑगस्टनंतर ऑर्डर पाहून रंगवा. अर्धवट माल एका टप्प्यावर मुद्दाम थांबवून ठेवण्याचा हा प्रकार आहे. चादरीत तो टप्पा रंगाईच्या अलीकडचा.

चुकत असेल तर एका आकड्यावरून कळतं. महिनाअखेर एकूण साठा किती हे न पाहता, सहा महिन्यांपेक्षा जुना माल त्यात किती हे पाहा. सप्टेंबरअखेर १४,००० नगांपैकी एप्रिलच्या आधी विणलेले ३,००० निघाले तर तुमचा वापरता येण्याजोगा साठा ११,०००च आहे. ऑक्टोबरचं नियोजन ११,०००वर करा आणि ते ३,००० वेगळ्या भावाने काढून टाका. त्यांना साठ्यात मोजत राहिलं तर नोव्हेंबरात तुटवडा ठरलेला.

विक्रीचा अंदाजच चुकला तर कोणती पद्धत जास्त मार खाते?

विक्री अंदाजापेक्षा कमी झाली तर लेव्हल, जास्त झाली तर चेस.

समजा थंडी कमी पडली आणि ऑक्टोबर ते जानेवारीची ३४,०००ची विक्री वीस टक्क्यांनी घटली. ६,८०० चादरी उरल्या. लेव्हल तसाच चालू ठेवला तर मार्चअखेर ५,००० ऐवजी ११,८०० शिल्लक राहतात. पुढच्या वर्षी दर तोच ठेवला तर ऑगस्टचं शिखर २२,८०० होतं, म्हणजे ६४ लाखांच्या जागी ९१ लाख. एका हंगामाची चूक पुढच्या हंगामाच्या शिखरावर जाऊन बसते. चेसमध्ये ऑक्टोबरअखेर घट लक्षात येऊन नोव्हेंबरचा दर कमी केला तर अंगावर येतात ते ऑक्टोबरचे २,००० नग, जास्तीत जास्त रंगाईत गेलेलं थोडं सूत.

उलट ऑक्टोबरात मागणी १२,००० झाली तर चेसकडे १०,०००ची क्षमता आणि रिकामं गोदाम. दोन हजारांची ऑर्डर सोडावी लागते. लेव्हलकडे १४,००० शिल्लक असतात, त्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही निभतात. अडचण डिसेंबरात येते, आणि तोवर जादा पाळी लावायला दोन महिने मिळालेले असतात.

आपल्या तक्त्यात जानेवारीअखेर साठा शून्यावर टेकतो, तो अंदाज तंतोतंत खरा ठरला तर. खऱ्या आराखड्यात खाली २,००० नगांची पायरी ठेवावी. तिचा खर्च बारा महिने गुणिले २,००० गुणिले ६, म्हणजे १ लाख ४४ हजार. तो तिन्ही पद्धतींना सारखा लागतो, म्हणून तुलनेत धरला नाही.

महिन्याच्या बैठकीत नेमकं काय पाहायचं?

आराखड्यातला महिनाअखेरचा साठा आणि गोदामात मोजलेला साठा, दोन्ही शेजारी शेजारी. बाकी सगळं त्यानंतर. विक्री चुकली, उत्पादन चुकलं, माल सेकंड्समध्ये गेला, काहीही झालं तरी ते या फरकात दिसतंच.

लक्ष्मणरेषा आधी ठरवा. अर्ध्या महिन्याचं उत्पादन, म्हणजे २,५०० नग ही चांगली सुरुवात आहे. फरक त्याच्या आत असेल तर दर बदलू नका, नाहीतर दर महिन्याला थोडं थोडं हलवत लेव्हलचा नकळत चेस होतो आणि दोन्हींचे खर्च डोक्यावर बसतात. फरक बाहेर गेला की दर बदलायचाच. वरच्या कमी थंडीच्या उदाहरणात ऑक्टोबरअखेर फरक २,००० होता, ती सूचना. नोव्हेंबरअखेर ४,००० झाला, तिथे दर खाली यायला हवा. पुढच्या पंधरवड्याचं उत्पादन मात्र गोठवलेलं ठेवा, कारण त्याचं सूत रंगून बसलेलं असतं.

विक्री म्हणून कोणता आकडा धरता तेही तपासा. ऑगस्ट-सप्टेंबरात कारखान्यातून माल जातो तो व्यापाऱ्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या घरात नव्हे. सप्टेंबरात ७,००० गेले म्हणून खूश होऊन दर वाढवला आणि ऑक्टोबरात व्यापाऱ्याने "अजून पहिलाच माल आहे, थांबा" म्हटलं, असं वारंवार होतं. मोठ्या पाच-सहा व्यापाऱ्यांना दर पंधरवड्याला फोन करून शेल्फवर किती गाठी आहेत एवढं विचारलं तरी हा धोका बराच कमी होतो.

दिवाळीच्या सुट्टीचं काय?

लेव्हल म्हणजे रोजचा दर सारखा. महिन्याचा आकडा कामाच्या दिवसांप्रमाणे बदलतो. दिवाळीत आठवडाभर माग थांबले तर त्या महिन्यात ५,००० ऐवजी ३,८०० च्या आसपास निघतील, आणि नेमका तोच महिना १०,०००च्या मागणीचा. तक्त्यात प्रत्येक महिन्याचे कामाचे दिवस घालून उत्पादन काढा. सुरुवातीचा लागणारा साठा लगेच वाढलेला दिसेल.

टॉवेल आणि गणवेशाला हेच लागू होतं का?

रीत तीच, उत्तर वेगळं. टेरी टॉवेलची मागणी वर्षभर बरीच सपाट असते, तिथे लेव्हलचा साठा मुळात लहान येतो आणि फार वाद घालण्यासारखं काही नाही.

गणवेशाचं उलट आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, सगळी मागणी दोन-तीन महिन्यांत गोळा होते आणि प्रत्येक शाळेचा रंग, चौकडा, माप वेगळं. अशा मालात लेव्हल फक्त पांढरा शर्ट, निळी पँट अशा सगळीकडे चालणाऱ्या नगांपुरता ठेवावा. एखाद्या शाळेने गणवेश बदलला की तिच्यासाठी शिवून ठेवलेल्या मालाला दुसरं गिऱ्हाईक नसतं. तिथे कापड ठेवावं, शिवलेला नग नको.

माझ्याकडे आठच माग आहेत. मी हे करावं का?

तक्ता जरूर करा, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त तुमच्या प्रमाणात एक विणकर आला-गेला तरी दर पंचवीस टक्क्यांनी हलतो, त्यामुळे दर महिन्याला मागणीमागे पळणं तुम्हाला जमणारच नाही. तुमच्यासाठी निवड एवढीच आहे की दुसरी पाळी कोणत्या महिन्यात सुरू करायची. शून्यापासून मांडलेल्या तक्त्यात साठा पहिल्यांदा उणे जातो त्या महिन्याच्या दोन महिने आधी ती सुरू करा. एक महिना नव्या हाताला बसायला लागतो आणि उरलेला माल गाठीत बांधून निघायला.